ॲप म्हणतं ४००, बिल म्हणतं २६०: नेट मीटरचं गणित नेमकं चालतं कसं

नाशिकच्या मावशीचा फोन आला, आवाज तापलेला. "अरे, मोबाईलवर दाखवतंय ४०० युनिट बनले म्हणून, आणि बिलात लिहिलंय एक्सपोर्ट २६०. मग माझे १४० युनिट खाल्ले कुणी?"

गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवून तिला जेमतेम महिना झाला होता आणि हे तिचं पहिलं बिल. हा प्रश्न मी आतापर्यंत इतक्या जणांकडून ऐकलाय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. उत्तर एका ओळीत द्यायचं तर ते १४० युनिट मावशीनेच खाल्ले. पण एवढं बोलून फोन ठेवला असता तर तिने मला पुढच्या दिवाळीला चकली दिली नसती.

आधी मीटर कुठे बसलाय ते बघा, कारण निम्मा घोळ तिथेच मिटतो. नेट मीटर असतो तुमचं घर आणि रस्त्यावरचा खांब यांच्या मधे, म्हणजे जिथे जुना मीटर होता तिथेच. सोलरची वायर मात्र घरातल्या डीबीला, म्हणजे जिथून सगळ्या खोल्यांना वीज जाते त्या बोर्डाला, येऊन मिळते, मीटरच्या आतल्या बाजूला. त्यामुळे पॅनेलने किती वीज बनवली हे नेट मीटरला कळतच नाही. त्याला फक्त दारातून जाणारी-येणारी वीज दिसते. वॉचमन कसा गेटवर बसून कोण आत आलं कोण बाहेर गेलं एवढंच वहीत लिहितो, घरात स्वयंपाक काय झाला हे त्याला माहीत नसतं, तसंच.

आता दुपारी साडेबाराचं चित्र डोळ्यासमोर आणा. ऊन कडक आहे, मावशीचे पॅनेल २.२ किलोवॅट देतायत. घरात फ्रिज आणि दोन पंखे, मिळून ३०० वॅट. ते ३०० वॅट घरातच संपतात, उरलेली १.९ किलोवॅट वीज मीटरमधून बाहेर खांबाकडे जाते आणि एक्सपोर्टचा आकडा पुढे सरकतो. तेवढ्यात मावशी चटणीसाठी मिक्सर लावते, ५०० वॅट. बाहेर जाणारी वीज लगेच १.४ वर येते. मग काकांना आठवतं की आंघोळ राहिली, ते २ किलोवॅटचा गीझर लावतात. मिक्सर बंद झाला असला तरी आता घराची गरज झाली २.३ आणि पॅनेल देतायत २.२, म्हणजे एक्सपोर्ट थांबला आणि ०.१ किलोवॅट वीज उलट खांबाकडून आत यायला लागली, आता इम्पोर्टचा आकडा सरकतोय. हे सगळं पाच मिनिटांत झालं, आणि दिवसभर असंच चालू असतं. ढग आला की इम्पोर्ट, ढग गेला की एक्सपोर्ट. महिनाअखेरीला मीटरमधे हे दोन आकडे वेगवेगळे साठलेले असतात आणि बिल त्यांच्यावरच बनतं.

तर मावशीचे १४० युनिट म्हणजे पॅनेलवरून थेट फ्रिज, पंखे, मिक्सर, वॉशिंग मशीनमधे गेलेली वीज. ती दारापर्यंत आलीच नाही म्हणून वहीत लिहिली गेली नाही. आणि ती तिला फुकट मिळालीये, बिलात कुठेही न दिसता. खरं तर सगळ्यात सुखाने वाचलेले युनिट तेच.

बिलात इम्पोर्ट होता २००. गणित असं मांडायचं, मी तिला कागदावर लिहून घ्यायला लावलं:

```
घरात थेट वापरले = सोलरने बनवले − एक्सपोर्ट
                = 400 − 260 = 140

घराचा खरा वापर  = इम्पोर्ट + थेट वापरले
                = 200 + 140 = 340

नेट युनिट       = इम्पोर्ट − एक्सपोर्ट
                = 200 − 260 = −60
```

बिल बनतं फक्त शेवटच्या हिशोबावर, नेट युनिटवर. वजा ६० म्हणजे या महिन्याचे युनिट शून्य आणि ६० युनिट मावशीच्या खात्यात जमा. ॲपमधला ४०० आकडा बिलाच्या हिशोबात कुठेच येत नाही, तो फक्त तुम्हाला पडताळा करायला.

(एक छोटी गोष्ट राहिली. ॲप महिना धरतं १ तारखेपासून, आणि तुमचं रीडिंग असेल १२ तारखेचं. मग आकडे जुळणारच नाहीत. ॲपमधे रोजचे आकडे मिळतात, त्यातून १२ ते ११ अशी बेरीज करून घ्यायची, किंवा पॅनेलने बनवलेली वीज मोजणारा जनरेशन मीटर वेगळा बसवला असेल तर त्याचं रीडिंग नेट मीटरच्याच दिवशी टिपायचं. पॅनेलची वीज घरात चालेल अशी बदलून देणाऱ्या इन्व्हर्टरचं ॲप आणि जनरेशन मीटर यांच्यात थोडाफार फरक असतोच, त्याला घाबरू नका.)

आता मावशीचा पुढचा प्रश्न, जो सगळेच विचारतात. "म्हणजे कपडे दुपारीच धुवायचे ना, ऊन असताना?" यूट्यूबवर सगळे हेच सांगतात. पण साध्या नेट मीटरिंगमधे याने बिलात एक पैशाचा फरक पडत नाही. मशीन दुपारी लावलं तर समजा १ युनिट थेट पॅनेलचं गेलं, म्हणजे एक्सपोर्ट १ ने कमी झाला. रात्री लावलं तर दुपारी ते १ युनिट एक्सपोर्ट झालं आणि रात्री १ इम्पोर्ट झालं. वजाबाकी केली की दोन्हीकडे उत्तर एकच. गच्चीवरची वीज दिवसा खांबाकडे ठेवायला दिली आणि रात्री परत मागून घेतली, ठेवणावळ काही नाही. नेट मीटरिंगची सगळी मजा हीच आहे.

पण हे कुणाला लागू नाही तेही ऐका. ज्यांच्या बिलाला टीओडी, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर, लागू असतो त्यांचं गणित वेगळं. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे २०१९ चे रूफटॉप सोलरचे नियम आहेत, त्यात म्हटलंय की अशा ग्राहकाने ज्या वेळेच्या टप्प्यात वीज बाहेर दिली ती आधी त्याच टप्प्यातल्या वापरातून वजा करायची, आणि तरी जास्त उरली तर ती ऑफ-पीकमधे, म्हणजे कमी मागणीच्या वेळेत, दिली असं धरायचं. म्हणजे दुपारची वीज देऊन संध्याकाळची महागडी वीज सरळ फेडता येत नाही. दुसरा प्रकार नेट बिलिंगचा, तिथे युनिटला युनिट वजाच होत नाही, आत आलेल्याचे पैसे एका दराने तुम्ही देता आणि बाहेर गेलेल्याचे पैसे दुसऱ्याच, कमी दराने तुम्हाला मिळतात. या दोन्ही ठिकाणी मात्र कपडे दुपारीच धुवा. आपल्या करारावर नेट मीटरिंग लिहिलंय की नेट बिलिंग, एवढं एकदा उघडून बघाच, बरेच जण सही करतात आणि फाईल माळ्यावर टाकतात.

आता येतो स्लॅबवर, आणि माझ्या मते खरा पैसा इथे आहे.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून बरेच महाग, ३०१ ते ५०० अजून महाग, ५०० च्या वर तर बोलायलाच नको. दर दरवर्षी बदलतात म्हणून मी इथे हिशोबाला गोल आकडे घेतो, वहन आकार धरून पहिल्या टप्प्याला ६ रुपये, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १६. तुमच्या बिलाच्या मागे खरे दर छापलेले असतात ते घालून बघा.

समजा मावशीची पुढची दोन बिलं बरोबरीत सुटली, ना जमा ना खर्च. मग आला पावसाळा. नाशिकचं आभाळ भरलेलं, सोलरने महिनाभरात बनवले फक्त २२०. त्यातले ११० एक्सपोर्ट, ११० घरात. इम्पोर्ट २४०. घराचा खरा वापर ३५०. नेट आले १३०, त्यातून आधीचे जमा ६० वजा, राहिले ७०. बिल या ७० युनिटचं. ७० गुणिले ६ म्हणजे ४२० रुपये, स्थिर आकार १३० धरू, झाले ५५०, त्यावर १६ टक्के वीज शुल्क ८८, एकूण ६३८. इंधन समायोजन वगैरे बारीकसारीक मी सोडून दिलंय.

सोलर नसतं तर? ३५० युनिट. पहिले १०० चे ६००, पुढच्या २०० चे २,४००, वरच्या ५० चे ८००. झाले ३,८००, स्थिर आकार धरून ३,९३०, शुल्कासकट साधारण ४,५६०.

आता नीट बघा, वाचलेले २८० युनिट कुठून कापले गेले. वरून. आधी १६ रुपयांचे ५० गेले, मग १२ रुपयांचे २०० गेले, आणि शेवटी ६ रुपयांच्या टप्प्यातले फक्त ३० गेले. कारण वजाबाकी आधी होते आणि स्लॅब नंतर लागतो, उरलेले युनिट पुन्हा तळापासून मोजले जातात. म्हणजे सोलरचं पहिलं युनिट तुमचं सगळ्यात महाग युनिट मारतं आणि शेवटचं युनिट सगळ्यात स्वस्त.

याचा अर्थ काय, तर मावशीला बिल बघून वाटलं होतं की अजून दोन पॅनेल टाकू म्हणजे ते ७० युनिटही जातील, आणि वेंडर तर तयारच असतो. पण ते ७० युनिट आहेत ६ रुपयेवाले. जास्तीच्या पॅनेलची प्रत्येक युनिटमागची कमाई आधीच्या पॅनेलच्या निम्मीसुद्धा नाही. शिवाय पीएम सूर्यघर योजनेत सबसिडी ३ किलोवॅटलाच ७८,००० वर थांबते, त्याच्या पुढचा किलोवॅट पूर्ण स्वतःच्या खिशातून. आणि एवढं करूनही बिल शून्य होत नाही, स्थिर आकार कुठल्याही युनिटने फिटत नाही. एक्सपोर्ट कितीही असू द्या, तो येणारच. "शून्य बिल" म्हणून जाहिरातीत दाखवतात ते बिल मी अजून तरी पाहिलेलं नाही, दोनशे रुपयांच्या आतली मात्र भरपूर पाहिलीत.

आणि जास्त पॅनेल टाकल्यावर उरणारे युनिट कुठे जातात? तर ३१ मार्चला.

जमा युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण फक्त आर्थिक वर्ष संपेपर्यंत. ३१ मार्चला खात्यात जे शिल्लक असेल ते वीज कंपनी विकत घेते, आयोगाने ठरवलेल्या दराने, आणि १ एप्रिलला तुमचं खातं पुन्हा शून्यावर. तो दर तुम्ही बिलात भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे मार्चपर्यंत युनिट आहे तोवर युनिट, मार्चनंतर त्याची चिल्लर.

आपल्याकडच्या हवेत ही तारीख फार वाईट ठिकाणी पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ स्वच्छ, पॅनेल थंड असल्यामुळे काम चांगलं देतात, आणि घरात पंखा बंद, एसी बंद. मावशीच्या घरचा अंदाज मी काढला, नोव्हेंबरात ७० जमा, डिसेंबरात ९०, जानेवारीत ११०, फेब्रुवारीत १३०, मार्चमधे पंखे सुरू झाल्यावर २०. बेरीज ४२०. हे ४२० युनिट पावसाळ्यापर्यंत टिकले असते तर तिथल्या ६ रुपयांच्या आणि वापर वर गेला तर १२ रुपयांच्या युनिटांची जागा घेतली असती. पण ते ३१ मार्चला मोडीत निघतात. दर ३ रुपये धरला तर १,२६० रुपये. फार मोठं नुकसान नाही, पण दरवर्षीचं आहे, आणि दोन पॅनेल अजून टाकले असते तर ही मोड अजून वाढली असती, वापर तेवढाच आणि युनिट जास्त.

यावर उपाय एकच, साठलेलं असेल तर हिवाळ्यातच वापरा. मावशीकडे गॅस गीझरही होता, तो जानेवारीपासून बंद ठेवून इलेक्ट्रिक वापरायचा आणि दूध-चहा इंडक्शनवर, असं आमचं ठरलंय. सिलिंडर तेवढा लांबेल. पण आधी खात्यात किती आहेत ते बघायचं, नाहीतर उत्साहाच्या भरात शंभरच्या वर जाऊन १२ रुपयांचे युनिट जाळायचे.

बिघाड कुठे होतात तेही सांगतो, कारण मावशीच्या शेजाऱ्यांकडे झालंय. त्यांच्या वेंडरने पॅनेल बसवले आणि नेट मीटर यायच्या आधीच सिस्टीम चालू करून दिली, "तेवढीच बचत" म्हणून. महिन्याचं बिल आलं ते आधीपेक्षा जास्त. ते बिचारे म्हणाले सोलर फ्रॉड आहे. फ्रॉड नव्हता, जुना मीटर होता. आपल्याकडचे बरेच साधे इलेक्ट्रॉनिक मीटर चोरी पकडण्यासाठी असे सेट केलेले असतात की वीज उलटी वाहिली तरी ते सुलटीच मोजतात. म्हणजे दुपारी शेजाऱ्यांनी खांबाला दिलेलं प्रत्येक युनिट त्यांनी वापरलं म्हणून लिहिलं गेलं. दिलं ते दिलं आणि वर त्याचे पैसेही भरले. त्यामुळे नेट मीटर बसून त्याचं सुरुवातीचं रीडिंग कागदावर येईपर्यंत सोलरचा एमसीबी खालीच ठेवायचा, वेंडर काही म्हणो.

मीटर बसला त्या दिवशी दोन्ही रीडिंगचा फोटो काढून ठेवा. डिस्प्लेवर आकडे आळीपाळीने फिरत असतात, काही मीटरवर इम्पोर्टसाठी `1.8.0` आणि एक्सपोर्टसाठी `2.8.0` असा कोड येतो, काहींवर सरळ `IMP` आणि `EXP` दिसतं. मावशीच्या मीटरला सुरुवातीला इम्पोर्ट ५ होता आणि एक्सपोर्ट ३, बिलात आले २०५ आणि २६३. वजाबाकी २०० आणि २६०, बरोबर. बिल आलं की हे आधी ताडायचं. दुसरं म्हणजे मागच्या बिलात शेवटी जेवढे युनिट जमा दाखवलेत तेवढेच या बिलात सुरुवातीला आलेत का. मीटर बदलला, कनेक्शनवरचं नाव बदललं, असलं काही झालं की हा जमा आकडा मधेच गळतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बिल तर कमीच आलेलं असतं.

कधी कधी मीटर बसतो पण बिलिंगमधे तुमचं कनेक्शन सोलर म्हणून चढलेलं नसतं. ओळखायची खूण सोपी, बिलात एक्सपोर्टचा रकानाच नाही आणि इम्पोर्टच्या सगळ्या युनिटचे पैसे लावलेत. यात घाबरायचं कारण नाही, मीटरमधला एक्सपोर्टचा आकडा कुठे पळून जात नाही, फोटो जोडून लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

आणि वायर उलट्या जोडल्या गेल्या असतील तर? तेव्हा इम्पोर्ट एक्सपोर्टमधे पडतो आणि एक्सपोर्ट इम्पोर्टमधे. हे तपासायला इलेक्ट्रिशियन लागत नाही, रात्र लागते. सूर्य मावळल्यावर पॅनेल काही देत नाहीत, म्हणून एक्सपोर्टचा आकडा रात्रभर जागचा हलता कामा नये आणि फ्रिज चालू असल्यामुळे इम्पोर्ट थोडा तरी वाढला पाहिजे. हलला एक्सपोर्ट, तर जोडणीत गडबड आहे.

एक बिघाड असाही की ज्यात मीटरचा दोष नसतो. दुपारी लाईनचं व्होल्टेज फार चढलं की इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो, आणि लाईट गेली तरी बंद होतो, खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून त्याची रचनाच तशी आहे. या वेळात वीज बनतच नाही त्यामुळे बिलात शोधून काही सापडणार नाही. ॲपमधला दिवसाचा आलेख बघा. निरभ्र दिवशी तो टेकडीसारखा गोल असतो, मधेच कडा तुटल्यासारखा सरळ शून्यावर येत असेल आणि थोड्या वेळाने परत वर जात असेल तर हेच चाललंय. रोज दुपारी होत असेल तर व्होल्टेजची तक्रार करायची, सोलरची नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "बघते." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिचे दोन फोटो आले, एक रात्री दहाचा, एक आत्ताचा. एक्सपोर्ट दोन्हीत २९८. इम्पोर्ट दोन युनिटनी पुढे. खाली लिहिलं होतं, "फ्रिज आणि तुझ्या काकांचा पंखा. बरोबर आहे मीटर."